46 स्लाइडच्या 8 स्लाइड: माझ्या एम.टेक. व्हायवाची हकीकत, तारखांसकट

एम.टेक. स्ट्रक्चर्सचा माझा फायनल व्हायवा 19 जुलै 2024 ला झाला. त्याच्या आधीचे आठ दिवस मी रात्री जागून कुणी या विषयावर काही लिहिलंय का ते शोधत होते, पण सापडायचं ते सगळं "आत्मविश्वासाने बोला, स्लाइडवर मजकूर कमी ठेवा" याच्या पुढे जात नव्हतं. कुठली स्लाइड ठेवायची, कुठली काढायची, काढलेलीचं काय करायचं, आणि प्रबंधात आपलंच एखादं वाक्य चुकीचं आहे असं ऐनवेळी लक्षात आलं तर काय करायचं, हे मला हवं होतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितेय, थोडं लांबेल.

आधी विषय सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी बगॅसची राख घालायची, म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळून जी राख उरते ती. एम 30 ग्रेड, साधं ओपीसी सिमेंट, राख 0, 10, 15 आणि 20 टक्के. राख मी डिसेंबर 2023 मध्ये हंगाम चालू असताना आणली, ओव्हनमध्ये वाळवली, बॉल मिलमध्ये दळली. जानेवारीत ट्रायल, फेब्रुवारीत मेन कास्टिंग. ताकद मोजायला काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, म्हणजे क्यूब, मशीनमध्ये दाबून फोडतात, त्यातले 90 दिवसांचे मे महिन्यात फोडले. हे सगळं आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लँटवर दर्जा तपासायची, क्यूसीची, नोकरी करत. त्यामुळे वेळ म्हणजे रात्री साडेआठ ते अकरा, आणि रविवार.

जानेवारीत प्रोग्रेस सेमिनार झाला तेव्हा माझ्या 46 स्लाइड होत्या. क्रम आपल्याकडे सगळे करतात तोच: प्रस्तावना, गरज, उद्दिष्टं, लिटरेचर रिव्ह्यू, मटेरियल, पद्धत, मग रिझल्ट. वेळ 15 मिनिटं. 19 व्या स्लाइडला मला थांबवलं, तेव्हा मी लिटरेचर रिव्ह्यूमध्येच होते. कमिटीतले एक सर म्हणाले, "तुमचं स्वतःचं काम यात कुठंय?" माझं काम 31 व्या स्लाइडपासून सुरू होत होतं, आणि तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. एप्रिलच्या सेमिनारला मी स्लाइड 46 वरून 38 वर आणल्या आणि भराभर बोलले. तेव्हा कमिटी आणखी चिडली, कारण आता आकडे दिसत होते पण कुठल्याच आकड्यावर मी थांबत नव्हते.

थीसिस 14 जूनला सबमिट केला. सिमिलॅरिटी रिपोर्ट 9 टक्के आला. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण माझ्या मनाला 9 हा आकडा काठावरचाच वाटला. त्या रिपोर्टचे 500 रुपये, परीक्षकांसाठी चार स्पायरल कॉपी रंगीत प्रिंटसह 1,840 रुपये. मग नुसती वाट. एक्स्टर्नल ठरायला किती दिवस लागतील हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मी दर दोन दिवसांनी फोन करत होते. इथे एक सांगते: नो ड्यूज फॉर्म या वाट बघायच्या काळातच भरून घ्या. लायब्ररी, लॅब, अकाउंट्स अशा सगळ्यांच्या सह्या लागतात आणि व्हायवाच्या आठवड्यात त्यातला एक तरी माणूस रजेवर असतोच. माझी लॅबची सही राहिली होती, कारण तीन क्यूब मोल्ड माझ्या नावावर परत केलेले दिसत नव्हते.

गुरुवारी, 11 जुलैला, नोटीस लागली: व्हायवा शुक्रवार 19 जुलै, प्रत्येकी 20 मिनिटं प्रेझेंटेशन, 10 मिनिटं प्रश्न. मधे 17 ला आषाढी एकादशी, कॉलेज बंद. मला रजा मिळाली दोनच दिवसांची, 18 आणि 19.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडलाच नाही. दोन्ही सेमिनारला कमिटी जे जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, ती वही काढली. एकूण 14 शेरे होते. एकेक वाचून त्यापुढे खूण करत गेले, तेव्हा दिसलं की शब्द वेगळे असले तरी सर तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतायत. एक, तुम्हाला नक्की काय सापडलं ते एका वाक्यात सांगा. दोन, राख घातली तेव्हा बाकी सगळं खरंच तेच ठेवलं होतं का. तीन, हा फरक खरा आहे की क्यूब-क्यूबमधलं कमीजास्त आहे. लिटरेचर रिव्ह्यूबद्दल 14 पैकी एकही शेरा नव्हता, आणि मी अर्धा वेळ त्याला देत होते. तुमच्याकडे असे शेरे लिहिलेले नसतील तर गाइडच्या वहीत किंवा सेमिनारच्या मूल्यांकन फॉर्मवर बघायला मागा. माझे दोन शेरे मला तिथूनच मिळाले.

मग प्रेझेंटेशनची बांधणी उलटीकडून केली. आधी शेवटचं वाक्य लिहिलं: "28 दिवसांना 10 टक्के राखेने काँक्रीटची ताकद 3 टक्क्यांनी वाढते, 20 टक्क्यांना ती घटते." आणि स्वतःला विचारलं की हे वाक्य समोरच्याने मान्य करायला त्याला कमीत कमी काय काय दाखवावं लागेल. जे लागतं तेवढंच आत, बाकी बाहेर. आठ स्लाइड निघाल्या. पहिली नावाची. दुसरीवर प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही, म्हणजे निष्कर्ष दुसऱ्याच स्लाइडला. तिसरीवर काय बदललं आणि काय तसंच ठेवलं. चौथी राखेवर. पाचवी 28 दिवसांचा रिझल्ट. सहावी 7 आणि 90 दिवसांचा. सातवी मर्यादा. आठवी निष्कर्ष. रहस्य शेवटपर्यंत राखून ठेवायची आपल्याला सवय असते, पण परीक्षकाला उत्तर आधी कळलं की पुढची प्रत्येक स्लाइड तो त्या उत्तराला धरून बघतो, आणि मधेच थांबवलं तरी तुमचं म्हणणं पोचलेलं असतं. जानेवारीत माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं नव्हतं.

प्रत्येक स्लाइडचं शीर्षकही बदललं. आधी "रिझल्ट अँड डिस्कशन" असं लिहिलेलं, ते शीर्षक मी 11 स्लाइडवर वापरलं होतं. आता शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य, उदाहरणार्थ तिसऱ्या स्लाइडवर "पाणी-बाइंडर रेशो 0.45 सगळीकडे तोच, स्लम्प राखायला फक्त अॅडमिक्स्चरचा डोस बदलला". स्लम्प म्हणजे ओलं काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप, आणि अॅडमिक्स्चर म्हणजे पाणी न वाढवता ते सैल ठेवणारं रसायन. वाक्य लिहिताना एक गोष्ट झाली. एका स्लाइडला मला वाक्य सुचेचना. ती एसईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या, फोटोंची होती, ज्यासाठी मी बाहेरच्या लॅबला पैसे भरले होते आणि दोन आठवडे थांबले होते. फोटो सुंदर होते पण त्यातून माझं कुठलंच वाक्य सिद्ध होत नव्हतं. ती बाजूला काढताना जिवावर आलं.

रविवारी, 14 ला, दोन ज्युनियर मुली घरी आल्या आणि मी पहिल्यांदा घड्याळ लावून बोलले. 13 मिनिटं 40 सेकंद. त्यांना विषय माहीत होता, त्यामुळे त्या फक्त "ताई छान झालं" म्हणाल्या. त्यातून फारसं हाती लागलं नाही.

खरी गोष्ट सोमवारी प्लँटवर झाली. आमच्या लॅबमध्ये एक काका आहेत, वीस वर्षं क्यूब फोडतायत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना लॅपटॉपवर पाचवी स्लाइड दाखवली. त्यावर चार उभे बार होते, आणि उभा अक्ष मी 30 पासून सुरू केला होता. काकांनी चहाचा कप बाजूला ठेवला, स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं, "हा बार म्हणजे तीन क्यूबची सरासरी ना? मग ते तीन क्यूब कुठायत?" मी वही काढून आकडे वाचले. साध्या काँक्रीटचे 37.4, 39.9 आणि 41.5, सरासरी 39.6. 10 टक्के राखेचे 39.2, 40.6 आणि 42.6, सरासरी 40.8. (सगळे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, पुढे नुसतं न्यूटन म्हणते.) काका म्हणाले, "अगं, एकाच काँक्रीटच्या तीन क्यूबमध्ये चार न्यूटनचा फरक आहे, आणि तू सव्वा न्यूटनला वाढ म्हणतेस?" आणि लगेच पुढचं, "तिन्ही एकाच बॅचचे का?"

कास्टिंग रजिस्टर घरी होतं. रात्री उघडलं. प्रत्येक मिक्सचे नऊ क्यूब, 7, 28 आणि 90 दिवसांचे तीन-तीन, म्हणजे साधारण 30 लिटर काँक्रीट, ते मी मिक्सरमध्ये एकदाच घातलं होतं. सगळे एकाच बॅचचे. काँक्रीटच्या आयएस 456 कोडमध्ये एका नमुन्याच्या तीन क्यूबपैकी कुठलाही सरासरीपासून 15 टक्क्यांपेक्षा जास्त लांब नसावा असं आहे, त्यात माझे आरामात बसतात, म्हणून मी आधी कधी काळजी केली नव्हती. पण ती अट टेस्ट वैध आहे की नाही हे सांगते. दोन मिक्समधला छोटा फरक खरा आहे की नाही हे ती सांगत नाही. एकाच बॅचचे तीन क्यूब एकमेकांशी जुळले तरी उद्या तेच मिक्स पुन्हा केलं तर किती येईल हे त्यातून कळत नाही, कारण वजन करताना, वाळूतल्या ओलाव्यात, मिक्सिंगमध्ये जे कमीजास्त होतं ते सगळं तिन्ही क्यूबला सारखंच लागलेलं असतं.

मग आठवलं की जानेवारीच्या ट्रायलमध्ये मी 0 आणि 10 टक्क्यांचे तीन-तीन क्यूब 28 दिवसांसाठी टाकले होते, त्याच प्रमाणात. ट्रायल म्हणून ते प्रबंधात घेतलेच नव्हते. रजिस्टरमध्ये पान उलटून पाहिलं. साधं काँक्रीट 36.9, 38.4, 39.6, सरासरी 38.3. 10 टक्के राख 36.5, 38.1, 39.4, सरासरी 38.0. म्हणजे ट्रायलमध्ये राखेचं काँक्रीट किंचित कमी भरलं होतं. फेब्रुवारीत किंचित जास्त. वाढ वगैरे काही नव्हतीच.

आणि प्रबंधाच्या सारांशात, शिवाय पान 61 वर, मी ठळक अक्षरात लिहिलं होतं: 3.03 टक्के वाढ. चार कॉपी परीक्षकांकडे पोचलेल्या. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि हात गार पडले होते. त्या रात्री झोप लागली नाही, ते खोटं सांगत नाही.

मंगळवारी सकाळी गाइडना फोन केला. ते आधी म्हणाले, "प्रबंधात आहे तेच बोल, उगाच स्वतःहून कशाला काढतेस?" त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं, त्यांना मी पास व्हायला हवी होते. मी म्हटलं, "सर, तीन क्यूबचे आकडे परिशिष्टात छापलेत, एक्स्टर्नलनी बघितले तर ते विचारणारच, आणि तेव्हा मी 3 टक्क्यांची बाजू कशी घेऊ?" थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "ठीक आहे, पण नुसती चूक सांगू नकोस. ट्रायलचे आकडे शेजारी दाखव, आणि काय शाबूत राहतं ते सांग." हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

काय शाबूत राहत होतं? 20 टक्क्यांचे क्यूब 32.5, 33.6 आणि 35.0. त्यातला सगळ्यात चांगला क्यूबसुद्धा साध्या काँक्रीटच्या दोन्ही बॅचमधल्या सगळ्यात वाईट क्यूबच्या, म्हणजे 36.9 च्या, खाली. हा फरक क्यूबच्या कमीजास्तीत बुडत नव्हता. मग शेवटचं वाक्य पुन्हा लिहिलं: "28 दिवसांना 10 टक्के राखेने ताकदीत फरक दिसला नाही, 20 टक्क्यांना सुमारे 6 न्यूटनची स्पष्ट घट दिसली." "फरक पडत नाही" असं लिहिलं नाही, "फरक दिसला नाही" असं लिहिलं, कारण दोन बॅचच्या सहा क्यूबवरून फरक नाहीच हे ठरवता येत नाही. 15 टक्के मधेच लोंबकळत होतं, त्याच्याबद्दल स्पष्ट सांगता येत नाही असंच म्हटलं. गंमत बघा, साखर पट्ट्यातल्या कुठल्याही प्लँटला "10 टक्के सिमेंट वाचवा, ताकद साधारण तीच" हे वाक्य त्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. मला हे सहा महिन्यांत दिसलं नव्हतं.

एकादशीचा दिवस पूर्ण पाचव्या स्लाइडला दिला. बार काढून टाकले. एक्सेलमध्ये स्कॅटर चार्ट घेतला, आडव्या अक्षावर राखेचं प्रमाण, उभ्यावर ताकद, आणि प्रत्येक क्यूबचा एक ठिपका. फेब्रुवारीचे ठिपके भरीव, ट्रायलचे पोकळ. 0 आणि 10 च्या उभ्या रांगा शेजारीशेजारी जवळजवळ सारख्याच उंचीवर, आणि 20 ची रांग सरळ खाली. आईला दाखवलं, तिला काँक्रीटमधलं काही कळत नाही, ती म्हणाली, "ही शेवटची खाली गेलीय, बाकी सारख्याच." तेवढंच मला परीक्षकाला दिसायला हवं होतं. खाली एक ओळ टाकली: "प्रबंध पान 61 वरील 3.03 टक्के वाढ हे विधान मागे घेत आहे, कारण ट्रायल बॅचमध्ये फरक उलट दिशेला आहे." ही ओळ मर्यादांच्या स्लाइडवर नेऊन ठेवायचा मोह झाला होता. पण ज्या आकड्याबद्दल बोलायचं तो समोर असतानाच ते सांगितलं पाहिजे, दोन स्लाइडनंतर सांगितलं तर लपवून ठेवल्यासारखं वाटतं.

मर्यादांची स्लाइड निष्कर्षाच्या आधी ठेवली, मागून नाही. त्यावर तीनच गोष्टी: राख एकाच कारखान्याची आणि एकाच हंगामाची, 15 आणि 20 टक्क्यांची एकच बॅच, आणि टिकाऊपणाची एकही टेस्ट नाही. "पुढील संशोधनास वाव" नावाची जी लांब यादी असते ती काढली.

काढलेल्या स्लाइड फेकल्या नाहीत. लिटरेचर, स्लम्प, खर्च, एसईएम, मिक्स डिझाइनचं पूर्ण गणित, असं सगळं निष्कर्षाच्या मागे बॅकअप म्हणून लावलं. आणि दोन फायली केल्या, `Viva_20.pptx` आणि `Viva_12.pptx`. पहिलीत लिटरेचरची एक, स्लम्पची एक आणि खर्चाची एक अशा तीन जास्तीच्या स्लाइड मधे, दुसरीत फक्त त्या आठ. दुसरी फाइल का, तर आमच्याकडे वेळ ऐनवेळी कमी होतोच, हे सीनियरांनी सांगितलं होतं, आणि 20 मिनिटांचं 12 मिनिटांत भरभर बोलून बसवता येत नाही, ते एप्रिलमध्ये करून झालं होतं. बॅकअपमधली स्लाइड पटकन काढायची असेल तर स्लाइड शो चालू असतानाच नंबर टाइप करून `Enter` दाबायचं, म्हणजे 14 आणि `Enter` केलं की थेट 14 वी. कुठला विषय कितव्या नंबरला आहे हे दोन कागदांवर लिहून ठेवलं, एका फाइलला एक कागद.

गुरुवारी दिवसभर बोलायची तालीम. स्लाइडवार वेळ ठरवला: दुसरीला एक मिनिट, तिसरी-चौथीला दीड-दीड, पाचवीला तीन, सहावीला एक, सातवीला दीड, आठवीला अर्धं. दहा मिनिटांच्या आसपास. पाठ फक्त दुसरी स्लाइड आणि पाचवीवरची ती मागे घ्यायची ओळ केली. ती ओळ आवाज न कापता म्हणायला मला बरेच वेळा म्हणावी लागली.

19 तारखेला सकाळी साडेनऊला पोचले. आम्ही नऊ जण. एक्स्टर्नल सव्वाअकराला आले, त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती, आणि विभागप्रमुखांनी बाहेर येऊन सांगितलं, "प्रत्येकी बारा मिनिटं." आजूबाजूला सगळे लॅपटॉप उघडून स्लाइड डिलीट करायला लागले. मी `Viva_12.pptx` उघडली आणि तीन कप पाणी प्यायले. माझा नंबर सातवा, दुपारी 3:10 ला.

दुसऱ्या स्लाइडला एक्स्टर्नलनी पहिल्यांदा वर पाहिलं. चौथीला त्यांनी थांबवलं. राखेचा लॉस ऑन इग्निशन, म्हणजे न जळलेला कोळसा किती शिल्लक आहे त्याचा अंदाज, माझ्या राखेत 8.2 टक्के होता. "आयएस 3812 मध्ये मर्यादा 5 आहे. तुमची राख बसत नाही." मी म्हटलं, "हो सर, बसत नाही. तो कोड कोळशाच्या फ्लाय अॅशसाठी आहे, बगॅसच्या राखेला तो लागू नाही, मी फक्त तुलनेसाठी वापरला आणि त्या तुलनेत ही राख नापास आहे. म्हणून कोडप्रमाणे आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही." हे उत्तर शीर्षकातच लिहिलेलं होतं, त्यामुळे मला शोधावं लागलं नाही.

पाचव्या स्लाइडला मी ठिपके दाखवले आणि ओळ म्हटली. खोलीत शांतता झाली. एक्स्टर्नलनी माझी स्पायरल कॉपी उघडली, पान 61 काढलं, पेन्सिलने आधीच खूण केलेली होती. म्हणजे ते विचारणारच होते. त्यांनी विचारलं, "ट्रायलचा डेटा प्रबंधात का नाही?" मी म्हटलं की ट्रायल म्हणजे सराव असं धरलं, तो मुद्दाम वगळला नाही पण वगळायला नको होता. मग त्यांनी खोलात विचारलं: प्रमाण तेच होतं का, वाळू त्याच लॉटची का, क्युअरिंग त्याच टाकीत का. वाळूचा लॉट वेगळा होता, तसंच सांगितलं. ते म्हणाले, "मग वेगळ्या वाळूनेही फरक दिसत नाही, हे तुमच्या बाजूचं आहे." हे मला सुचलंच नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रश्न कमिटीतल्या त्याच जानेवारीच्या सरांनी विचारला. "राखेबरोबर अॅडमिक्स्चरचा डोस 0.6 वरून 0.9 टक्क्यांवर नेलात. मग ताकद टिकली ती राखेमुळे की डोसमुळे? बाकी सगळं तेच कसं म्हणता?" मी 14 आणि `Enter` केलं, स्लम्पची स्लाइड आली. राखेतला कोळसा अॅडमिक्स्चर शोषून घेतो, डोस तोच ठेवला असता तर काँक्रीट इतकं घट्ट झालं असतं की मोल्डमध्ये नीट बसलं नसतं आणि पोकळ्या राहून ताकद त्यानेच घटली असती, म्हणून मी स्लम्प 75 ते 100 मिलिमीटरमध्ये ठेवला आणि डोस बदलू दिला. हे कारण झालं. पण दोन्हींचा परिणाम वेगळा करणारे क्यूब माझ्याकडे नाहीत, आणि ते मी तसंच म्हटलं: "सर, वेगळा करता येत नाही, या डेटावरून नाही." त्यांनी ते मर्यादांमध्ये चौथा मुद्दा म्हणून घालायला सांगितलं. तो मुद्दा माझ्या स्लाइडवर असायला हवा होता. तिसऱ्या स्लाइडचं शीर्षक मीच लिहिलं होतं, तरी त्यातली फट मला दिसली नाही.

बोलणं 11 मिनिटांत, प्रश्न 17 मिनिटं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडू आलं, वाईट म्हणून नाही, नुसतंच. साडेपाचला आत बोलावून सांगितलं: मान्य, किरकोळ दुरुस्त्यांसह. सारांश आणि पान 61 बदलणे, ट्रायल डेटा परिशिष्टात घेणे, अॅडमिक्स्चरची मर्यादा लिहिणे, आणि बारांच्या जागी ठिपक्यांचा चार्ट प्रबंधातही टाकणे. मुदत दहा दिवस.

दुरुस्त्या करायला तीन रात्री गेल्या. सोबत एक पानाचा तक्ता जोडा: परीक्षकाचा शेरा, काय बदललं, कुठल्या पानावर. आमच्या ऑफिसने तो मागितला नव्हता, पण तो होता म्हणून गाइडनी पूर्ण प्रबंध पुन्हा न वाचता त्याच दिवशी सही केली. हार्ड बाइंडिंग 380 रुपयांप्रमाणे पाच कॉप्या, 1,900 रुपये. सोनेरी अक्षरांतलं शीर्षक छापायला देण्याआधी दुकानदाराला कागदावर लिहून द्या. दुकानात माझ्या मागे नंबर असलेल्या मुलाच्या मुखपृष्ठावर "काँक्रीट"चं स्पेलिंग चुकलं आणि त्याला सगळ्या कॉप्या परत कराव्या लागल्या.

29 जुलैला, सोमवारी, कॉप्या जमा केल्या, पोच घेतली आणि तीन क्यूब मोल्डचा घोळही त्याच दिवशी मिटला, ते दुसऱ्या एका बॅचच्या नावावर चढले होते. एक कॉपी प्लँटवर नेली. काकांनी पान 61 उघडलं, ठिपके मोजले, सहा आणि सहा, आणि म्हणाले, "आता दिसले की क्यूब."